नाक चोंदून 12 दिवस झाले, आता अँटिबायोटिक घ्यायचं का?

*डॉक्टर, मी 41 वर्षांची शिक्षिका आहे. 12 दिवसांपूर्वी घसा खवखवायला लागला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 100-101 ताप होता, मग गेला. चौथ्या दिवसापासून शेंबूड घट्ट झाला, सहाव्या दिवशी हिरवा. वाकलं की गाल आणि वरचे दात ठणकायचे. आता ठणका बराच कमी आहे, शाळेत जाते आहे, सकाळी थोडा हिरवा-पिवळा पडतो एवढंच. पण रात्री दोन्ही नाकपुड्या ठार बंद! तिसऱ्या दिवसापासून नाकात थेंब घालते आहे. आधी दोनदा पुरायचे, आता चार-पाच वेळा घालावे लागतात. माझ्या एका सहकारी बाईंना असंच झालं होतं. त्यांनी चौथ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं आणि आठवड्यात बऱ्या झाल्या. घरात अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या शिल्लक आहेत. यजमान म्हणतात, "दहा दिवस उलटले, आता घेऊन टाक." घेऊ का? एक्स-रे काढू का? आणि आणखी किती दिवस थांबायचं?*
*— एक वाचक*

त्या तीन गोळ्या घेऊ नका. तुम्ही जे दिवसवार लिहिलं आहे त्यावरून हा विषाणूंचा आजार वाटतो आणि तो आवरत आलेला दिसतो. रात्री नाक बंद होण्यामागे आता जंतूंपेक्षा थेंबांच्या बाटलीवर माझा संशय जास्त आहे. त्याबद्दल पुढे लिहिते. यजमानांचा दहा दिवसांचा हिशेब त्यांनी कुठून तरी बरोबर ऐकला आहे, पण तो अर्धाच ऐकला आहे. पूर्ण नियम असा आहे: दहा दिवस झाले आणि तरीही काहीच उतार नाही, तर जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियांचा संशय घ्यायचा. दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. तुमच्या बाबतीत पहिली आहे, दुसरी नाही.

हा दहाचा आकडा आला कुठून, हे कळलं की तो वापरणं सोपं जातं. साध्या सर्दीची एक ठरावीक चाल असते. ताप आणि अंगदुखी येणार असेल तर ती पहिल्या दोन-तीन दिवसांत येते आणि जाते. ताप उतरता उतरता नाकाचा त्रास वाढतो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान तो सगळ्यात जास्त असतो, आणि मग हळूहळू उतरायला लागतो. दहाव्या दिवशी बहुतेकांना बरं वाटत असतं, पण "बरं वाटतंय" म्हणजे "सगळं गेलं" असं नव्हे. सर्दीच्या सर्वांत नेहमीच्या विषाणूमुळे, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसमुळे आजारी पडलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा लोकांना दोन आठवड्यांनीही काही ना काही लक्षणं असतात. खोकला तर त्याहूनही रेंगाळतो. म्हणून दहाव्या दिवशी नाक वाहतंय एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मी रुग्णाला विचारते ते वेगळंच असतं: पाचव्या दिवशी कसं होतं आणि आज कसं आहे?

मोजायला सुरुवात कधीपासून करायची, यातही गल्लत होते. बरेच जण नाक चोंदलं त्या दिवसापासून मोजतात, काही जण शेंबूड हिरवा झाला तेव्हापासून. मोजायचं ते पहिल्या लक्षणापासून, म्हणजे तुमच्यासारखं घसा खवखवला त्या दिवसापासून. उलटही होतं. महिनाभर सर्दी आहे म्हणून कुणी येतं आणि विचारलं की कळतं, पहिली सर्दी पूर्ण बरी होऊन मध्ये चार-पाच दिवस ठणठणीत गेले होते, मग घरातल्या मुलाकडून दुसरी मिळाली. त्या वेळी गणती पुन्हा एकपासून करायची.

आता गाल आणि दात ठणकण्याबद्दल. लोकांची समजूत अशी असते की सर्दी नाकात असते आणि ती "सायनसमध्ये उतरली" की जंतू आले. प्रत्यक्षात साध्या सर्दीतही सायनस पहिल्या काही दिवसांतच सापडलेले असतात. गालाच्या हाडात, भुवयांच्या वर आणि डोळ्यांच्या मधोमध या हवेच्या पोकळ्या आहेत. नाकाच्या आत जे ओलसर अस्तर आहे तेच अखंड त्यांच्यातही पसरलेलं आहे, आणि त्यांची दारं नाकात उघडतात. ही दारं अगदी अरुंद असतात. अस्तराला सूज आली की ती बंद होतात, आतला द्रव आत साठतो, दाब येतो. गालातल्या सायनसचा तळ वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच असतो, म्हणून दात दुखल्यासारखे वाटतात. एवढं सगळं घडायला एकही जंतू लागत नाही.

1994 साली ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतीच सर्दी झालेल्या 31 तरुण, एरवी निरोगी माणसांचा सीटी स्कॅन काढला होता. त्यातल्या 27 जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. काही जणांचा दोनेक आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा अँटिबायोटिक न घेताही बहुतेकांचे सायनस साफ झालेले किंवा खूप सुधारलेले होते. तुमच्या एक्स-रेच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. एक्स-रेवर पांढुरकी छटा दिसेल, अहवालात "सायनुसायटिस" असं लिहून येईल, आणि ती छटा विषाणूंची की जंतूंची हे तो एक्स-रे सांगू शकणार नाही. घरात मात्र त्या कागदामुळे गोळ्या घेण्याचा आग्रह आणखी वाढेल. स्कॅन लागतो तो डोळ्याकडे किंवा मेंदूकडे काही पसरल्याची शंका असेल तेव्हा, किंवा तीन-तीन महिने त्रास न संपणाऱ्यांना. नाकातून कापसाची काडी फिरवून केलेल्या तपासणीचाही उपयोग नाही, कारण नाकाच्या पुढच्या भागात निरोगी माणसातही जंतू मुक्कामाला असतातच. सायनसमध्ये सुई घालून द्रव काढला तर खात्रीशीर उत्तर मिळतं, पण साध्या आजारात ते कोण करणार? म्हणूनच सगळी भिस्त दिवसांवर आणि आजाराच्या चालीवर आहे.

हिरव्या रंगाने तुम्हाला घाबरवलं असणार. घाबरणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, काही डॉक्टरही रंग ऐकूनच पेन उघडतात. शेंबडाचा हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. या पेशींमध्ये एक हिरव्या रंगाचं एन्झाइम असतं. विषाणूंशी लढायला त्या मोठ्या संख्येने नाकात उतरल्या की शेंबूड आधी घट्ट, मग पिवळा, मग हिरवा होतो, आणि लढाई ओसरली की उलट क्रमाने पुन्हा पातळ होतो. रात्रभर साचलेला शेंबूड म्हणून सकाळचा पहिला सगळ्यात गडद असतो. जंतूंच्या आजारातही या पेशी येतात, तेव्हाही रंग हिरवाच. दोन्हीकडे सारखी दिसणारी खूण निवाड्याला कामाची नाही. रंगाची दिशा मात्र थोडं सांगते. तुमचा दिवसभराचा शेंबूड फिकट होत गेला आणि आता हिरवा-पिवळा सकाळपुरताच उरला आहे, हे चांगलं लक्षण आहे.

मग जंतूंचा संशय कधी घ्यायचा? दहा दिवस आणि उतार नाही, ही पहिली चाल सांगून झाली. दुसरी चाल क्वचित दिसते, पण ठळक असते: आजाराची सुरुवातच जोरदार होते, 102 किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत पुवासारखा शेंबूड किंवा चेहऱ्याचं तीव्र दुखणं, आणि हे सलग तीन-चार दिवस टिकतं. तुमचा 101 चा ताप दोन दिवसांत उतरला, त्यामुळे ही चालही बसत नाही. तिसरी चाल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती सहज निसटते.

माझ्याकडे मध्यंतरी एक तरुण आला होता. त्याची सर्दी अगदी पुस्तकी होती. पहिले दोन दिवस कणकण, मग नाक गच्च, पाचव्या दिवशी बरं वाटायला लागलं, सहाव्या दिवशी तो कामावर गेला. सातव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ताप चढला, तोही 102. उजवा गाल असा दुखायला लागला की दाढी करताना हात लावता येईना. डाव्या बाजूला काहीच नाही. शेंबूड उजव्याच नाकपुडीतून, आणि घशात उतरणाऱ्या द्रवाला घाण चव. त्याचे एकूण दिवस आठच भरले होते, म्हणजे दहाच्या नियमाने त्याला घरी पाठवायला हवं होतं. पण आधी बरं होऊन मग पुन्हा पडणं, याला दहा दिवसांची अट नाही. विषाणूंची सर्दी एकदा उतरणीला लागली की सहसा परत चढत नाही. बंद सायनसमध्ये साठलेल्या द्रवात जंतूंनी बस्तान मांडलं की हा दुसरा चढ दिसतो. त्याला मी त्याच दिवशी अँटिबायोटिक दिलं. मात्र एक गोष्ट आधी पाहिली: त्याची उजवी वरची दाढ. एकाच बाजूचा सायनस, त्यात दुर्गंधी, म्हटलं की वरच्या दाताच्या मुळाशी पू झालेला नाही ना, हे बघायचं असतं. तसं असेल तर दात नीट होईपर्यंत कितीही गोळ्या दिल्या तरी त्रास परत येतो. त्याची दाढ शाबूत होती.

तुमचे दिवस त्याच्या शेजारी ठेवून बघा. ताप एकदाच आला, सुरुवातीला, आणि गेला. सहाव्या दिवसाच्या आसपास सगळं टोकाला होतं. तिथून ठणका कमी, शेंबूड कमी, तुम्ही कामावर. मध्ये कुठेही पुन्हा चढ नाही. दुखणं कुठल्या एका बाजूचं असल्याचंही तुम्ही लिहिलेलं नाही. एकच गोष्ट या उताराच्या विरुद्ध जाते आहे, ती म्हणजे रात्रीचं बंद नाक. आणि ते बरोबर थेंबांच्या जोडीने वाढत गेलं आहे.

तुम्ही थेंबांचं नाव लिहिलेलं नाही, पण बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असेल असं धरून चालते, बघून घ्या. ही औषधं नाकाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतात, म्हणून पाच मिनिटांत नाक मोकळं होतं. असर उतरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. तीन ते पाच दिवसांपुरतं वापरलं तर हे जाणवत नाही. त्यापुढे एक चक्र सुरू होतं: थेंबांचा असर कमी वेळ टिकतो, म्हणून लवकर घालावे लागतात, म्हणून नाक आणखी फुगतं. दोनदा पुरणारे थेंब चार-पाच वेळा लागणं ही या चक्राची नेमकी खूण आहे. आडवं झाल्यावर नाकाकडे रक्त जास्त येतं, म्हणून रात्री हाल जास्त. मूळ सर्दी संपली तरी हे बंद नाक आठवडेच्या आठवडे चालू राहू शकतं, आणि लोक त्याला "जुनाट सायनस" समजून अँटिबायोटिकच्या फेऱ्या करत बसतात.

थेंब सोडण्याची रीत सांगते. एकदम बंद केलेत तरी चालतं, पण पहिल्या तीन-चार रात्री कठीण जातात, आणि मध्यरात्री हात परत बाटलीकडे जातो. त्यापेक्षा एक नाकपुडी आधी सोडा. समजा, उजवीत आजपासून थेंब नाहीत, डावीत फक्त झोपताना. उजवी स्वतःहून मोकळी राहायला लागली, याला काही दिवसांपासून आठवडाभर लागेल, की डावीही बंद. सोबत नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. त्याचा असर थेंबांसारखा लगेच जाणवत नाही, चार-पाच दिवस जातात, म्हणून "काही उपयोग नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी टाकून देऊ नका. मारताना नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न वळवता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने ठेवा, नाहीतर पडदा सुकून रक्त येतं. आणि जोरात हुंगू नका, औषध घशात जातं.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही फायदा होईल. अर्धा लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. झोंबत असेल तर बहुतेक वेळा मिठाचं प्रमाण चुकलेलं असतं, आणि नुसतं साधं पाणी तर सगळ्यात जास्त झोंबतं. पाणी चांगलं खळखळ उकळी येऊन एक मिनिट उकळलेलं आणि मग कोमट केलेलंच हवं. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. त्यात असू शकणारा एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर जीवघेणा ठरतो. हे फार दुर्मीळ आहे, पण टाळायला एक उकळी पुरते. वाफेने बरं वाटत असेल तर जरूर घ्या, मात्र तिने आजार लवकर बरा होतो असं दिसलेलं नाही. उकळतं भांडं अंगावर सांडून भाजलेली माणसं मात्र मी बघितली आहेत. ठणका उरला असेल तर साधी पॅरासिटामॉल पुरे.

तुमच्या सहकारी बाईंबद्दल. चौथ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्यात बऱ्या झाल्या, म्हणजे सर्दीच्या दहाव्या-अकराव्या दिवशी बऱ्या झाल्या. तेव्हा बहुतेक जण तसेही बरे होतात. मोठ्या माणसांच्या 100 सर्द्यांमध्ये फार तर दोनांत जंतूंचा शिरकाव होतो, लहान मुलांत थोडा जास्त. चौथ्या दिवशी विषाणूंच्या ऐन जोरात घेतलेलं अँटिबायोटिक विषाणूंना काहीच करत नाही, पण बरं होण्याचं श्रेय त्यालाच मिळतं. गंमत म्हणजे ज्यांना डॉक्टरांनी तपासून सायनसचा आजार ठरवला, त्यांच्यातही हा फरक लहानच निघतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात अँटिबायोटिक न घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे एका आठवड्यात आणि 100 पैकी 64 जण दोन आठवड्यांत बरे झाले होते. अँटिबायोटिकमुळे लवकर बरे होणारे 100 मध्ये 5 ते 11 जणच जास्त होते, आणि जुलाब, पोटदुखीसारखे त्रास झालेले 13 जण जास्त.

म्हणूनच दहा दिवस उलटून उतार नसला, जंतूंचा संशय पक्का झाला, तरी त्याच दिवशी गोळ्या सुरू करणं बंधनकारक नसतं. माणूस एरवी निरोगी असेल, त्रास सोसवण्याजोगा असेल आणि गरज पडली तर परत येऊ शकत असेल, तर मी चिठ्ठी लिहून देते आणि सांगते की आणखी आठवडाभर स्प्रे आणि मिठाचं पाणी करा. मध्येच बिघडलं किंवा आठवड्याने सुधारलं नाही, तर चिठ्ठीतलं औषध आणा. बऱ्याच जणांची ती चिठ्ठी तशीच राहते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे कमी आहे, ज्यांचा मधुमेह हाताबाहेर आहे, त्यांना मात्र मी असं थांबवत नाही. दुसऱ्यांदा ताप चढलेल्यांना किंवा जोरदार सुरुवात झालेल्यांनाही सहसा नाही.

आणि औषध द्यायचंच झालं तर ते तुमच्या कपाटातलं नसेल. सायनसमध्ये बहुतेकदा न्यूमोकोकस आणि हिमोफिलस हे जंतू असतात. त्यांच्यापैकी बरेचसे आता अझिथ्रोमायसिनला दाद देत नाहीत. तीन दिवसांत संपतं म्हणून ते लोकप्रिय आहे, पण या आजारात ती पहिली पसंती नाही. मोठ्या माणसांना सहसा अमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासोबत, पाच ते सात दिवस दिलं जातं. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिनसारखं दुसरं. गोळ्या सुरू केल्यावर 48 ते 72 तासांत त्रास वाढत गेला, तर त्याच गोळ्या रेटत न बसता डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं. एक तर जंतू त्या औषधाला जुमानत नाही, किंवा निदानच वेगळं आहे.

काही खुणा मात्र दिवसांची गणती बाजूला ठेवायला लावतात. डोळ्यांच्या मधला सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधली हाडाची भिंत कागदाइतकी पातळ असते. तिथून आजार डोळ्याकडे सरकू शकतो, लहान मुलांत तर जास्तच. डोळ्याभोवती सूज आणि लाली, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, हलवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. कपाळावर मऊसर सूज, आजवर कधी झाली नव्हती इतकी डोकेदुखी, मान ताठ होणं, झोपाळल्यासारखं किंवा गोंधळल्यासारखं वागणं, यांनाही तोच नियम. मधुमेही माणसाच्या नाकात काळी खपली दिसली किंवा गाल बधिर झाला, तर बुरशीचा धोका असतो. तिथे तासही महत्त्वाचे असतात.

तुमचं पत्र वाचून यातलं काही दिसत नाही. तेव्हा पुढचं वेळापत्रक असं. थेंब वर सांगितलेल्या रीतीने सोडा. 14-15 व्या दिवशीही गालाचा ठणका आजच्याइतकाच असेल, किंवा मध्येच कधीही ताप परत आला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना पहिल्या दिवसापासूनचं हे पत्रच बरोबर घेऊन जा. थेंब सुटल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही नाक बंदच राहत असेल, सोबत नाकात खाज, एकामागून एक शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक असेल, तर अॅलर्जीची चौकशी करायला हवी. वास येणं परतलं नसेल, किंवा एकच नाकपुडी सतत बंद राहून तिच्यातून रक्त येत असेल, तर दुर्बीण घालून नाक आतून बघून घ्यावं लागेल. आणि 12 आठवडे ओलांडूनही चोंदणं, घट्ट शेंबूड, चेहऱ्याचं जडपण राहिलं तर तो जुनाट सायनुसायटिस. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि त्यांची सुरुवात सहसा अँटिबायोटिकने होत नाही.

त्या तीन गोळ्या औषधांच्या दुकानात परत घेत असतील तर देऊन टाका. यजमानांना सर्दी होण्याआधी दिल्यात तर बरं.